कोयता धुतला कुणी?

एलएल.बी.ला असताना फौजदारी कायद्याच्या पेपरातला एक प्रश्न मी छातीठोकपणे चुकवला. 'अ'वर पाच वर्षं स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. जत्रेच्या रात्री तो स्वतःहून दारू पितो, बांधावरून भावाशी भांडतो, घरी जाऊन कोयता आणतो आणि भावाला ठार करतो. मग ओढ्यावर कोयता धुऊन कडब्याच्या गंजीत लपवतो. त्याचा बचाव सांगा.

मी लिहिलं : दवाखान्याची फाइल आहे म्हणून कलम ८४, प्यालेला आहे म्हणून कलम ८५. 'अ' निर्दोष!

सुट्टीत गारगोटीला ज्यांच्या ऑफिसात बसायचो, त्या वकीलसाहेबांना हे उत्तर मी ऐटीत सांगितलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मग कोयता धुतला कुणी रं? आजारानं?"

माझं तोंड बंद. कलम ८४ आजाराचं नाव विचारतच नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे समजण्याची कुवत नव्हती का, एवढंच विचारतं. ज्याला हत्यार लपवावंसं वाटलं, त्याला चूक कळत होती, असं न्यायालय सहसा धरतं.

मग फाइलचा उपयोग काय? साहेबांनी २००२ चा भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल वाचायला दिला. पोलीस शिपायानं बायकोच्या डोक्यात दगड घातला होता. त्याच्यावर आधी उपचार झाले होते, घटनेनंतर काही महिन्यांत पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि तो पळाला नव्हता, लपलाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. आजार तोच, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. पण मागचापुढचा सगळा पुरावा त्या क्षणाकडे बोट दाखवत होता. हे आरोपीलाच दाखवावं लागतं, मात्र शक्यतेचं पारडं झुकण्याइतपतच, संशयापलीकडे नव्हे.

दारूची चूक तर लाजिरवाणी होती. कलम ८५ नकळत किंवा मर्जीविरुद्ध पाजलेल्यासाठी आहे. स्वतः प्यालेल्याचं ८६. तो शुद्धीत असता तर जे ज्ञान त्याला असतं, तेच होतं असं कायदा धरतो. हेतू मात्र परिस्थितीवरून पाहावा लागतो. १९५६ च्या बासदेव खटल्यात लग्नघरी बसायला जागा दिली नाही म्हणून एका प्यालेल्या माजी जमादारानं पोराला गोळी घातली. तो नीट चालत होता, बोलत होता, पळायलाही बघत होता. म्हणून खुनाची शिक्षा कायम झाली. नशेत हेतूच बांधता येत नव्हता असं दिसलं असतं, तर गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरला असता. घरी जाऊन कोयता घेऊन परत येणाऱ्या 'अ'ला तेही अवघड.

आता न्याय संहितेत ही कलमं २२, २३, २४ झाली आहेत. एखाद्या आरोपीची आई दवाखान्याच्या पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन माझ्या ऑफिसात येते, तेव्हा मी पिशवी बाजूला ठेवतो आणि विचारतो, "मावशी, त्या दिवशी सकाळपास्नं तो काय करत होता? आणि पोलिसांना सापडला कुठं?"