पाचशे फूट खाली जाण्याआधी

प्रिय नाना,



अंक काल हाती पडला. तुझं संपादकीय आधी वाचलं आणि बाकीचा अंक तसाच राहिला. फोन करणार होते, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, हे दादांच्या वेळेपासून चालत आलंय. म्हणून लिहिते.

सहाशे फुटांवर पाणी गाठून दुष्काळाला हरवलेल्या शेतकऱ्याचं तू कौतुक केलंस. त्याच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बायकोच्या अंगावरचं मोडून बोअर घेणाऱ्या माणसाला मी काय नावं ठेवणार? पण ते पाणी आलं कुठून, हे तुला विचारावंसं वाटलं नाही, याचं वाईट वाटलं. आणि परवा वहिनी बोलता बोलता सांगून गेल्या की पाडव्यानंतर आपल्या मळ्यातही बोअरची गाडी येणार आहे. विहिरीपासून वीस पावलांवर! तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

तर नाना, मला तुझ्या मार्चच्या अंकात एक लेख हवा आहे. तू म्हणशील, पाण्यावर वाचक आता कंटाळलेत. ते खरं आहे, कारण पाण्यावरचा आपला प्रत्येक लेख जमिनीच्या वर घडतो. तळी, बंधारे, चर, टँकर, भेगाळलेली जमीन. माझा लेख जमिनीच्या आत घडेल. एका बोअरसोबत मी फूट-फूट खाली जाणार, आणि प्रत्येक थराला वाचकाला दाखवणार की इथे पाणी का आहे किंवा का नाही. पाचशे फुटांवर पोहोचेपर्यंत त्याला कळलेलं असेल की आपण नवं पाणी शोधलं नाही, वरचंच पाणी खाली सांडलं. लेख एवढंच सांगेल.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग काळ्या पाषाणावर बसलाय. लाव्ह्याचे थर एकावर एक, चपात्यांच्या चवडीसारखे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, वरचा भाग सच्छिद्र, म्हणजे आपला मांजऱ्या, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा. सगळ्यात वर माती आणि मुरूम. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट पाषाणाला भेग नसेल तर त्यात थेंबही मावत नाही. पडलेल्या पावसातला साधारण दहावा हिस्साच आत मुरतो, आणि तो आधी वरच्या चाळीस-पन्नास फुटांत साठतो. आपल्या आजोबांनी पंचेचाळीस फुटांवर विहीर थांबवली ती पैसे संपले म्हणून नाही. त्यांना पाषाण लागला होता.

बोअर चालू असताना कधी उभा राहिलायस का तू? गाडीवरचा पोरगा रॉड बदलताना घमेल्यात धुरळा धरतो आणि ओळीने ढीग घालतो. तेवढी ओळ वाचता आली तर बाकी काही लागत नाही. पिवळट, खरबरीत असेल तर मुरूम. गुलाबी-करडा आणि त्यात पांढरे कण चमकत असतील तर मांजऱ्या. पिठासारखा बारीक आणि काळा-निळा असेल तर घट्ट पाषाण. चिकट तांबडा आला की एक थर संपून दुसरा लागला. आणि धुरळा उडायचा थांबून ओल्या गोळ्यांनी पडायला लागला की पाणी लागलं. बहुतेक जागी ही पहिली ओल पन्नास-सत्तर फुटांच्या आतच दिसते. पाणी थोडं असतं, अर्धा-पाऊण इंच. मालक म्हणतो, एवढ्याने काय होणार, चालू द्या खाली. आणि नेमकी गोम इथे आहे.

ते थोडं पाणी म्हणजे त्याच्याच विहिरीचं पाणी, नाना. गाडीवाला केसिंग टाकतो ते फक्त मुरूम ढासळू नये म्हणून, वीस-तीस फूट. त्याखाली भोक उघडंच. मग तीनशे-चारशे फुटांवर एखादी कोरडी किंवा अर्धवट भरलेली भेग लागली की वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून रात्रंदिवस खाली उतरत राहतं. पंप चालू असो वा नसो. निसर्गाने ज्या तांबड्या पट्ट्याने आणि घट्ट पाषाणाने ते वर अडवून धरलं होतं, त्यालाच आपण साडेसहा इंचाचं भगदाड पाडलेलं असतं.

बीडकडच्या एका शिवारात मी हे नीट पाहिलंय. गावाचं नाव लेखातही देणार नाही, माणसं आधीच खचलेली आहेत. विहीर अठ्ठेचाळीस फूट, माघापर्यंत मोट चालेल इतकं पाणी ठेवणारी. शेजारी चारशे ऐंशी फुटांचं बोअर. सत्तर फुटांच्या आत ओल लागली ती सोडून दिली, खाली चारशे तीसला अडीच इंच पाणी मिळालं, पेढे वाटले. पहिलं वर्ष छान गेलं, उसाची लागण वाढवली. दुसऱ्या वर्षी पाऊस बरा होता, आसपासच्या विहिरी दिवाळीला भरलेल्या, आणि ही मात्र तळाला. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर पंधरा मिनिटं पाणी द्यायचं आणि तासभर गप्प. मी गेले तेव्हा दुपारी आरसा धरून ऊन बोअरमध्ये सोडलं. केसिंग संपतं तिथून जरा खाली भिंतीला ओली चमकती रेघ, आणि पाइपाला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज. म्हातारा मालक आवाज ऐकून खूश झाला, म्हणाला, "बाई, झरा हाय अजून." ते त्याच्या विहिरीचं पाणी होतं. त्याला सांगताना माझी जीभ अडखळली.

आता एक हिशेब, कारण तुला हिशेब आवडतात. पाचशे फूट खोल, साडेसहा इंची बोअर काठोकाठ भरलं तरी त्यात सव्वातीन हजार लिटर पाणी मावतं. आपल्या काठापासून काठापर्यंत पंचवीस फूट असलेल्या विहिरीत तेवढं पाणी तीन इंचांनाही पुरत नाही. बोअर हे साठवण नाहीच. साठवण खडकात, आणि काळा पाषाण फार थोडं साठवतो. तीस-पस्तीस फूट जाडीचा चांगला भिजलेला थर धर. त्याच्या आकारमानाच्या दोन टक्के पाणी आपल्याला उपसता येतं असं मानलं, तर एका एकराखाली निघतं साधारण 8 लाख लिटर. एकरभर उसाला वर्षात, पाऊस धरून, 80 लाखांच्या घरात लागतं. पावसाचं वजा केलंस तरी शेजाऱ्याच्या पाच-सहा एकरांखालचं पाणी ओढल्याशिवाय तो ऊस उभा राहत नाही. हा आकडा वाचकांसमोर एकदा ठेवू दे मला, मग ते कंटाळतात का पाहू.

मार्चच का, तर बोअरच्या गाड्या होळी ते मृग धावतात आणि आपले पाणी विशेषांक जूनमध्ये निघतात. तोवर भोकं पाडून झालेली असतात. दुसरं कारण याच काळातलं आहे. आठ तासांची आणि तीही रात्रीची वीज हा शेतकऱ्याला छळ होता, पण नकळत उपशाला लगामही तोच होता. 2024 मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल माफ केलं, आणि त्याच वर्षी मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना आली. मला दोन्हींचा राग नाही. रात्री साप-विंचवात पाणी धरायला जाणाऱ्या बायका मी पाहिल्यात, दिवसाचं पाणी त्यांचा हक्कच आहे. पण ऊन असेल तोवर पंप फुकट चालणार असेल, तर खडकात किती आहे हे आधी माहीत नको का? भूजलाचा 2009 चा कायदा 2014 पासून लागू आहे, त्यात 60 मीटरच्या पुढची विहीर खोल विहीर म्हणून वेगळी काढली आहे. आपल्या गावात हे कुणाला ठाऊक आहे, विचारून बघ.

हिवरे बाजारावर तू किती वेळा छापलंस! प्रत्येक वेळी हिरव्या टेकडीचा फोटो. पण शेतीला बोअरचं पाणी घ्यायचं नाही हा त्या गावाने स्वतःवर घालून घेतलेला नियम तुझ्या लेखांत एका ओळीत उरकतो. बंधारे सगळ्यांनी बांधले. हा नियम फारच थोड्यांनी पाळला. माझ्या मते फरक तिथेच पडला.

तुझ्या सहसंपादकांना माझी ओळख लागेल, तर त्यांना सांग की बाईंनी उभी नोकरी भूजल सर्वेक्षणात काढली. निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे अशी टेप सोडून मोजली, बोअरच्या जागा दिल्या आणि नाकारल्याही. नाकारलेल्यांचा राग अजून काही गावांत आहे. निवृत्त झाल्यावर त्याच विहिरींवर आपल्या खर्चाने जाते. ढीग वाचायला पोरांना शिकवते. पाणाड्यांशी मी भांडत नाही, त्यातले पुष्कळजण मुरूम कुठे जाड आहे हे डोळ्यांनी ओळखतात, नारळ नुसता हातात धरतात.

लेखाची हद्दही सांगून ठेवते, म्हणजे नंतर पत्रं आली की तू गडबडणार नाहीस. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्याला यातलं काही लागू नाही, चंद्रपूर-गडचिरोलीचा खडक वेगळा. आणि पाषाणातही कुठे कुठे खोल भेगेला खरोखर टिकाऊ पाणी असतं. पिण्यासाठी गावाला दोनशे फुटांचा हातपंप असावा, त्याला माझा विरोध नाही. मी बोलतेय ते विहिरीशेजारी, पिकासाठी, उघड्या भोकाने चारशे-पाचशे फूट जाण्याबद्दल. अडीच हजार शब्द दे, आणि रंगीत ढिगांचा एक फोटो पूर्ण पानभर. त्यात काटछाट करू नकोस, गेल्या वेळी आकृती बोटभर छापली होतीस.

आता मळ्याचं. गाडीवाल्याला आगाऊ रक्कम दिली असशील तर ती गेली असं समज, मी भरून देईन. नसेलच ऐकायचं, तर निदान एवढं कर. विहिरीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा. केसिंग मुरमापाशी थांबवू नको. वरचं पाणी लागतं तो थर ओलांडून घट्ट पाषाणात ते पक्कं बसेपर्यंत उतरव आणि बाहेरची फट सिमेंटने भरून घे. गाडीवाला म्हणेल, कशाला, पाणी कमी येईल. येऊ दे कमी. त्याला फुटाचे पैसे मिळतात, विहीर तुझी आहे. त्याआधी, उद्याच, विहिरीत टेप सोड आणि पाणी कठड्यापासून किती फुटांवर आहे ते लिहून ठेव. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी मोज, एरवी आकड्याला अर्थ नाही. बोअर होत असताना दर तासाने मोज. पातळी हलली तर गाडी तिथेच थांबव, कितीही फूट झालेले असोत.

विहिरीचा आकडा मला रविवारपर्यंत कळव. लेखाचं होय-नाही नंतर कळवलंस तरी चालेल. वहिनींना नमस्कार.

तुझी
ताई