रेघ कुणाची?

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, डाव्याचं अजून व्हायचं आहे. त्यामुळे सध्या एकच वही मला दोन तऱ्हांनी दिसते. डावा डोळा मिटला की वहीवरची छापील रेघ स्वच्छ आकाशी दिसते. उजवा मिटला की तीच रेघ मळकट, राखाडी, जुन्या शाईला जवळची वाटते. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं, त्याचा हा परिणाम.

मी मुद्रणप्रती तयार करते. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या रोजनिश्या, आठवणींच्या वह्या, अर्धवट कादंबऱ्या वाचायच्या आणि छापखान्याच्या हाती देता येईल अशी प्रत करायची, हे माझं काम. छापील रेघ कुठली आणि लेखणीची कुठली, हा निवाडा त्यात पानोपानी करावा लागतो. दोन डोळ्यांतला हा फरक समजल्यावर एक गोष्ट लख्ख कळली. इतकी वर्षं हा निवाडा मी रंगावर करतच नव्हते. रेघ कुठे सुरू होते, कुठे जाडावते, कुठे संपते यावर करत होते.

शब्दाखालची रेघ अधोरेखन आहे की वहीचीच, हा या कामातला सोपा भाग. हातानं ओढलेली रेघ शब्दाशी सुरू होते, शब्दाशी संपते, थोडी तरी चढते किंवा उतरते. छापील रेघ पानभर एकाच जाडीची असते. डॅशचंही तसंच. डॅश अक्षराच्या मध्यावर असतो, म्हणून त्याची उंची शिरोरेखेपासून मोजावी, वहीच्या रेघेपासून मोजू नये. ओळ जसजशी उजवीकडे जाते तसतशी अनेकांच्या हातात ती वर चढते, आणि ओळीच्या शेवटी मधला डॅश बरोबर छापील रेघेवर येऊन पडतो. शिरोरेखेपासून मोजलं की तो सापडतो.

खरं दुखणं वर आहे, अक्षराच्या माथ्यावर. रोमन लिपी रेघेवर बसते, आपली लिपी रेघेला लटकते. वहीवर आडवी छापील रेघ असताना आपण अक्षराला पुन्हा आडवीच रेघ देतो. काही हात छापील रेघेच्या किंचित खाली स्वतःची शिरोरेखा ओढतात, ते देवमाणूस. काही हात अक्षरं इंग्रजीसारखी रेघेवर बसवतात. त्यांच्या वह्यांत उकार रेघेला चिरून खाली जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाची गाठ रेघेत हरवते. काही हात मात्र शिरोरेखा नेमकी छापील रेघेवर ओढतात, किंवा ओढतच नाहीत. छापखान्यानं दिली आहे ना रेघ, मग तिलाच अक्षरं टांगतात. ज्यांनी लहानपणी शाळेत मोडी गिरवली होती, त्यांच्या वह्यांत ही सवय मला जास्त दिसते. मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लावायची, हीच रीत. त्या हाताला रेघाळलेली वही म्हणजे अर्धं काम झालेलं पान.

यात बिघडतं काय? भ आणि म, ध आणि घ, थ आणि य. या जोड्यांमध्ये डावीकडचा माथा उघडा की झाकलेला, यावर बरंच काही अवलंबून असतं. घाईच्या अक्षरात भ-ची आणि ध-ची वरची गाठ बारीक होत होत ठिपक्यावर येते आणि उरते ती फक्त शिरोरेखेतली फट. छापील रेघ त्या फटीतून सरळ जाते आणि ती बुजवते. मग भानाचा मान होतो, धावेचा घाव होतो. वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा वाट दाखवतो. पण अर्थ दोन्हीकडून लागत असेल, तर माणूस स्वतःला आवडलेला शब्द वाचतो आणि त्याला कळतही नाही.

माझ्याकडे काम शिकायला येणारी मुलगी स्कॅनवर काम करते. तिनं मला रंग परत दिले, असं म्हणायला हवं. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन थर असतात. फक्त निळा थर पाहिला की फिकट निळी रेघ कागदाच्या उजेडात जवळजवळ विरून जाते आणि काळी शाई तशीच राहते. समासाची लाल रेघ लाल थरात विरते. जुनी निळी-काळी शाई असेल तर काम आणखी सोपं. तिच्यातला निळा रंग वर्षांनी उडतो, लोहाचा तपकिरी-काळा भाग उरतो आणि तो निळ्या थरात ठळक उठतो. मात्र कागद फार पिवळा पडला असेल तर त्याच थरात डागही काळे दिसू लागतात, म्हणून तिन्ही थर पाहिल्याशिवाय पान सोडायचं नाही.

निळं बॉलपेन आणि निळी रेघ एकत्र आली की रंग निम्मंच काम करतो. मग जाडी मोजायची. आम्ही पान सहाशे डीपीआयला स्कॅन करतो. तिथे पाव मिलिमीटरची छापील रेघ साधारण सहा पिक्सेल जाड दिसते आणि तिच्यावर पडलेली पेनाची रेघ तिच्याहून जाड भरते. जिथे जाडी वाढते तिथे पेन फिरलेलं आहे, जिथे सहावर येते तिथे फक्त वही आहे. पान पाव अंश जरी तिरकं लागलं तरी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत पाऊण मिलिमीटर सरकते. शिवणीजवळ तर ती वळतेच. म्हणून रेघ आखूड तुकड्यांत मोजावी, एका दमात नाही. स्कॅन जेपेगमध्ये ठेवलेला असेल तर मी तो परत पाठवते. जेपेग करताना रंगाचा तपशील सहसा दाबला जातो, बारीक निळी रेघ शेजारच्या शाईत फाकते आणि हवी ती कड नेमकी मरते.

पानाच्या दरानं स्कॅनिंग करणाऱ्यांबद्दल मला बोलायचं आहे. ते कृष्णधवल स्कॅन करतात, रेघा पुसतात आणि पांढऱ्याशुभ्र पानांची फाइल हातात देतात. घरच्यांना ती आवडते. पण रेघ पुसणारी ती आज्ञा आडवं आणि लांब असेल ते सगळं उचलते. छापील रेघेवर ओढलेली शिरोरेखा तिच्याबरोबर जाते, रेघेला नुसती टेकलेली उकाराची वाटी तळाशी तुटते. मूळ वही घरात जपली जात असेल तर निदान परत जाता येतं. मी अशा फाइली पाहिल्या आहेत ज्यांची वही रद्दीत गेली होती, कारण आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. हे मला चीड आणणारं आहे आणि मी ते प्रत्येकाला तोंडावर सांगते. रेघ पुसू नका. ती फिकी करा, वेगळ्या थरात ठेवा, पण हलवू नका. लिहिणाऱ्यानं अक्षर कुठे टांगायचं हे ती रेघ पाहूनच ठरवलं होतं.

माझा एक अभिमान आहे, तोही सांगते. भिंग न लावता वाचण्याचा. घरची मंडळी समोर बसलेली असताना वही उघडायची आणि न अडखळता ओळ वाचून दाखवायची, हे मला फार आवडतं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं, ते पाहायला मी वाचण्याचा वेग मुद्दाम वाढवते. माझ्या प्रतीत चौकटी कंसातली शंका कमी असते, याचाही मला गर्व होता. मुलगी पहिल्यांदा निळा थर घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, ‘‘हे मला दिसतंच आहे.’’ दिसत होतं, पण ते तिच्या आधी मी बोलून दाखवायला हवं होतं असं मला वाटलं, आणि त्या वाटण्यानं मी दिवसभर तिच्याशी तुटक बोलले.

सध्या आम्ही दोघी कोकणातल्या एका बाईंच्या आठवणींच्या वहीवर आहोत. एकेरी वही, निळं बॉलपेन, शिरोरेखा थेट छापील रेघेवर. वडील गेल्यावर भावंडं मामांकडे राहायला गेली, तिथल्या पानावर ओळ आहे: ‘त्या साली थोरल्यानं फार भार सोसला.’ किंवा, ‘फार मार सोसला.’ मागच्यापुढच्या चार ओळींत दोन्ही बसतं. घरच्यांना पहिलं हवं आहे, हे त्यांनी न सांगताही कळतं.

निळ्या थरात त्या अक्षराच्या डाव्या टोकाला गडद ठिपका दिसला. मुलगी म्हणाली, ‘‘बाई, शिरोरेखा इथूनच सुरू होते. म आहे.’’ जाडी मोजली तर ठिपक्याच्या पुढे रेघ पुन्हा सहा पिक्सेलवर आली होती आणि उभ्या दांड्याच्या थोडं अलीकडे परत जाडावली होती. म्हणजे ठिपका एकटा. मग पान उलटं केलं आणि टेबलावरचा दिवा बाजूनं, अगदी कागदाला टेकवून धरला. बॉलपेन कागदात खोबण पाडतं, छापील रेघ पाडत नाही. मागच्या बाजूला तो ठिपका छोट्या उंचवट्यासारखा जाणवला, पुढे सपाटी, मग शिरोरेखेचा कंगोरा. भ-ची गाठ अशीच दिसेल.

पण एवढ्यावर थांबायचं नसतं. दमलेला हात म-चीही शिरोरेखा उशिरा सुरू करतो. म्हणून त्याच वहीतले, ज्यांबद्दल वाद नाही असे म आणि भ काढले. मी, मग, आम्ही, मामा. भाऊ, भात, भाकरी. सुरुवातीच्या पानांवर फरक काटेकोर आहे: म-ची रेघ डाव्या पायाच्याही बाहेरून येते, भ-ची मधून. वहीच्या शेवटाकडे बाई थकल्या आहेत, अक्षर पसरलं आहे, तिथे दोन म उशिरा सुरू होतात. मात्र त्या दोन्हींमध्ये डावीकडे ठिपका नाही, पाय रेघेपासून सरळ खाली उतरतो. वादाचं पान वहीच्या मध्याच्या जरा पुढे आहे आणि त्या पानावरचे सगळे म डावीकडून झाकलेले आहेत.

मी भार वाचते. मुलगी अजून मार म्हणते. तिचं म्हणणं असं की पेन कागदाला टेकवून क्षणभर थांबलं तरी असा ठिपका पडतो, आणि हा शब्द लिहिताना बाई थांबल्या असतील. त्या वहीत इतरत्र असे थांबल्याचे ठिपके आहेत का, ते ती आता पानोपान पाहते आहे. आतापर्यंत तिला एक सापडला आहे, वडिलांच्या मृत्यूच्या पानावर.

मुद्रणप्रतीत मी ‘भार’ ठेवलं आहे, खाली ‘मार’ हे दुसरं वाचन दिलं आहे, आणि रेघा जशाच्या तशा असलेला त्या ओळीचा रंगीत तुकडा प्रतीला जोडला आहे. घरच्यांना टीप नको आहे. मी प्रतीच्या कडेला लिहिलं आहे की टीप काढायची असेल तर माझं नावही काढावं.