उत्तर न मागणारा निरोप

तो सात ओळींचा आहे. मोबाइलच्या पडद्यावर उभ्याउभ्या वाचून होतो, कारण वाचणारीला फार वेळ बसवत नाही. पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढलेली, पोटावर चार छोटे टाके. पण ताईंची तक्रार खांद्याची होती. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे श्वासपटल डिवचलं जातं आणि कळ खांद्यात उमटते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. निरोपाला हे ठाऊक आहे, म्हणून तो तिसऱ्या दिवशी दुपारी चारला निघाला, औषध घेऊन झोप झाल्यावर.

ऑफिसच्या ग्रुपमध्ये तो गेला नाही. तिथे एकानं लिहिलं की पुढचे वीस जण तेच चिकटवतात, आणि आजारी माणूस प्रत्येकाला ‘धन्यवाद’ टंकत बसतो. हा थेट ताईंकडेच गेला.

चित्रं निवडताना लिहिणारा बराच वेळ अडला. 😂 नको, हसलं की टाके ओढतात. 💐 आणि 🙏 वेगवेगळे चांगले, पण जोडीनं आले की आपल्याकडच्या डोळ्यांना आधी श्रद्धांजली दिसते. इस्पितळातून नुकत्याच आलेल्या बाईच्या घरी ती सावलीसुद्धा जाऊ नये. शेवटी त्यानं एक 🌼 घेतलं आणि एक ☕.

मजकूर असा:

‘ताई, घरी आलात हे कळलं, जिवात जीव आला.
बँकेची जुळवणी मी पूर्ण केली. साडेचारशे रुपयांचा फरक तुमच्या पेन्सिलीच्या खुणेमुळे सापडला.
कामाचं काही मनात आणू नका.
शनिवारी सहा वाजता मुगाची पातळ खिचडी दारात देऊन जाईन, आत येणार नाही.
नको असेल तर फक्त ‘नको’ लिहा.
खांद्याचं सोमवारी विचारेन. 🌼
चहा तुम्ही परत आल्यावर, तुमच्याच टेबलापाशी. ☕’

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य त्यानं लिहून खोडलं. मला ते खोडणं फार आवडतं. काय मागावं, कुणाला मागावं, हे ठरवायचं काम त्या वाक्यानं आजाऱ्यावरच पडतं. खिचडीला मात्र हो-नको एवढंच पुरतं. ‘कधी रुजू होणार?’ हेही त्यानं गिळलं. रजेचा हिशेब ताईंच्या डोक्यात आधीच चालू असणार. फरक सापडल्याचं मात्र त्यानं मुद्दाम सांगितलं. नाहीतर त्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या त्या आकड्यांशीच झगडल्या असत्या.

मग तो थांबला. रात्रभर निरोपाच्या दोन खुणा करड्याच होत्या, आणि त्यानं दुसरा निरोप मागोमाग धाडला नाही.

सकाळी सव्वानऊला खुणा निळ्या झाल्या. ताईंनी लिहिलं होतं, ‘खिचडीवर तूप नको. 🌼’