समुद्राच्या तुकड्याला १२८ केबी

नकाशांच्या कामात एक विनंती वारंवार येते. जिथे इंटरनेट नाही तिथे नकाशा हवा असतो, म्हणून तो पेन ड्राइव्हवर घालून द्या म्हणतात. असा नकाशा चौकोनी तुकड्यांत कापलेला असतो. झूमची प्रत्येक पायरी चढली की तुकडे चौपट होतात. त्यामुळे दहाव्या पायरीवर साऱ्या जगाचे १०,४८,५७६ तुकडे होतात आणि तितक्याच पीएनजी फाइली. त्यांतला बराच भाग नुसता निळा समुद्र. असा तुकडा शे-दोनशे बाइटांत मावतो. जमिनीचे तुकडे जड असतात, तरी सरासरी २ केबी धरली तर सगळ्याचे वजन २ जीबी.

हे १२८ जीबीच्या ड्राइव्हवर मावत नाही.

ड्राइव्ह जागा बाइटाने देत नाही, ठरलेल्या मापाच्या क्लस्टरने देतो. फाइल कितीही लहान असो, तिला एक अख्खा क्लस्टर मिळतो. चिमूटभर हिंगासाठीही पिंपच. विंडोज ३२ जीबीच्या वरचा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करताना, आपण काही निवडले नाही तर, १२८ केबीचा क्लस्टर ठरवते. दहा लाखांवर फाइली गुणिले १२८ केबी म्हणजे बरोबर १२८ जीबी. आणि खोक्यावर १२८ लिहिलेला ड्राइव्ह विंडोजमध्ये जेमतेम ११९ दाखवतो, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने.

रोग ओळखणे सोपे आहे. फोल्डरच्या Properties मध्ये `Size` आणि `Size on disk` शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींत थोडा फरक नेहमीचाच. इथे मात्र तो साठपटींवर जातो.

१२८ केबी ही विंडोजची चूक नव्हे. कॅमेऱ्याच्या मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी हे माप शहाणपणाचे आहे: शेवटच्या क्लस्टरमधली उरलेली जागा तिथे कुणाच्या खिजगणतीत नसते, आणि हिशेब ठेवायचे क्लस्टर कमी होतात. आपल्याला लहान माप हवे असेल तर फॉरमॅट करतानाच सांगावे लागते. नंतर बदलायचे म्हणजे ड्राइव्ह पुन्हा पुसणे आले.

```
format E: /FS:exFAT /A:4096
```

४ केबीच्या क्लस्टरवर तेच तुकडे पाचेक जीबीत बसतात. एनटीएफएसमध्ये ४ केबी हे नेहमीचेच माप, शिवाय अगदी चिमुकली फाइल तिच्या नोंदीतच मावते आणि समुद्राला क्लस्टर लागतच नाही. पण नोंद १ केबीची असतेच, आणि मॅकवर एनटीएफएस वाचता येते, लिहिता येत नाही.

जागा वाचली तरी कॉपीचा वेळ वाचत नाही. प्रत्येक फाइल उघडायची, नोंदवायची, बंद करायची, तीही दहा लाख वेळा. एवढ्यात पेन ड्राइव्ह रडकुंडीला येतो. म्हणून हल्ली मी क्लस्टरशी झटापट करत नाही. क्यूजीआयएसमध्ये तुकडे फोल्डरऐवजी एमबीटाइल्समध्ये काढतो. ती एसक्यूलाइटची एकच फाइल असते आणि त्यात सारखा निळा समुद्र एकदाच साठवून हजारो जागी दाखवण्याचीही सोय करता येते. समोरच्याचे जुने सॉफ्टवेअर फोल्डरच मागत असेल, तरच वरची आज्ञा चालवतो.