खालाची बरणी आणि शिरोरेषा

आमची खाला कैरीचं लोणचं घालते. यंदा एका दुकानदाराने तिला विचारलं, माल ठेवतो, पण आधी बरणी कशी दिसेल ते पाठवा. लेबल छापायला पैसे घालायच्या आधी त्याला चित्र हवं होतं. खालाने ते काम माझ्याकडे दिलं.

मी चित्र बनवणाऱ्या एआयला सांगितलं, काचेची बरणी, लाकडी टेबल, लेबलवर ‘खालाचं लोणचं’. बरणी झकास आली. लेबलवर मात्र ‘खलाचं लोणंच’ होतं, तेही पुठ्ठ्यासारखं सपाट, बरणीला नुसतं टेकवून ठेवल्यासारखं. खालाने मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, “बेटा, हा खल कोण? मी खल-बत्ता विकत नाही.” दहा-बारा वेळा पुन्हा चित्र बनवलं. दर वेळी नवीन चूक निघाली.

मग दोन्ही कामं वेगळी केली. एआयकडून कोऱ्या पांढऱ्या लेबलची बरणी घेतली आणि अक्षरं स्वतः बसवली. इथे माझी पहिली चूक झाली. मजकूर मी वक्र रेषेवर लिहिला. त्यात प्रत्येक अक्षर त्या रेषेप्रमाणे तिरकं होतं. इंग्रजीत हे कसंबसं खपून जातं, पण आपल्या लिपीत शिरोरेषा दर अक्षरापाशी तुटते आणि शब्द पंख्यासारखा पसरतो. उभ्या बरणीवर असं कधी होत नाही. तिथे ‘ल’चा दांडा उभाच राहतो, फक्त वर-खाली सरकतो, आणि शिरोरेषा एकसंध वाकते. म्हणून आधी मजकुराचं चित्र करायचं आणि मग ते अख्खं चित्र वाकवायचं.

वाकवायचं किती? खालाची बरणी 80 मिमी रुंद, म्हणजे त्रिज्या 40. लेबल 120 मिमी लांब. मधल्या रेषेपासून कागदावरचे पहिले 20 मिमी समोरून 19 मिमी दिसतात, पुढचे 20 साधारण साडेचौदा, आणि शेवटचे 20 जेमतेम सहा. कडेची अक्षरं अशी आक्रसली नाहीत तर डोळ्याला लेबल सपाटच वाटतं, कमान कितीही दिली तरी. बहुतेक फसलेल्या चित्रांत हेच राहून गेलेलं असतं.

कमानीचा अंदाज बरणीच घेऊ देते. कॅमेरा थोडा वरून पाहत असेल तर झाकण लंबवर्तुळ दिसतं. माझ्या चित्रात ते 600 पिक्सेल रुंद आणि 72 उंच होतं, म्हणजे तिथे मधला बिंदू कडेपेक्षा 36 पिक्सेल खाली. तळाशी हाच उतार 54 होता, कारण डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जावं तितकं वर्तुळ जास्त उघडतं. लेबल दोन्हींच्या मधे, म्हणून वरच्या कडेला 40 आणि खालच्या कडेला 50 धरले. दोन्ही कडांना एकच कमान दिली असती तर लेबल बरणीवरून घसरल्यासारखं दिसलं असतं. कॅमेरा बरणीच्या मध्यावर असेल, तर वरची कड वर वाकते आणि खालची खाली.

सूत्र एवढंच. `x` हे चित्रातलं मध्यापासूनचं अंतर, `s` हे सपाट लेबलवरचं, `t` ही ओळीची उंची, `d` तो उतार:

```
s = R * asin(x / R)
y = t + d * sqrt(1 - (x/R)**2)
```

माझ्या चित्रात `R` 300. ज्यांना हे नको, त्यांनी फोटो एडिटरमधली वार्पची जाळी ओढावी. पण कडेच्या चौकटी मधल्यांपेक्षा अरुंद ठेवाव्यात.

मजकुराचा थर ‘मल्टिप्लाय’वर ठेवला, त्यामुळे कागदाची सावली अक्षरांतून दिसली. फक्त काचेसारखी चमक लेबलवरून जात होती, तिथे काळी अक्षरं जरा जास्तच काळी राहिली. चमकेचा थर मग वर वेगळा ठेवावा लागला.

खरा घोटाळा यानंतर कळला. खालाने नाव 100 मिमी रुंद करून मागितलं होतं. अक्षरं नीट गुंडाळल्यावर ‘खा’ आणि ‘चं’ची कड एक तृतीयांश रुंदीची उरली. समोरून वाचताच येईना. आधीच्या सपाट चित्रात नाव ठसठशीत दिसत होतं आणि तेच पाहून खाला खूश झाली होती. ते दुकानदाराला पाठवलं असतं तर छापून आल्यावर बरणी वेगळीच दिसली असती.

नाव 64 मिमीवर आणलं. आता कडेचं अक्षर सत्तर टक्के रुंद दिसतं. वजन आणि तारीख बाजूला सरकवली. ग्राहक बरणी फिरवून वाचतोच.

“नाव लहान झालं,” खाला म्हणाली. मी वहीचा कागद 120 मिमीचा कापला, पेनाने दोन्ही आकारांत नाव लिहिलं आणि स्वयंपाकघरातल्या बरणीला गुंडाळून ओट्यावर ठेवलं. ती दारापर्यंत मागे गेली, चष्मा पुसला, दोनदा पाहिलं.

“लहानच कर,” म्हणाली.