केजला जाणं आणि केजला जाऊन येणं

युसूफ वडगावात बसून रशियन शिकताना गती दाखवणाऱ्या क्रियापदांपाशी माझं डोकं चक्रावलं. आपण पायी जा नाहीतर एसटीने जा, ‘जाणं’ एकच. रशियनमध्ये पायी जाण्याची जोडी ‘इत्ती’ आणि ‘खदीत’, तर वाहनाने जाण्याची जोडी ‘येखत’ आणि ‘येझ्दीत’. प्रत्येक जोडीतलं पहिलं रूप एका दिशेने चाललेल्या प्रवासाचं, दुसरं नेहमीच्या ये-जा करण्याचं.

सुरुवातीचे स्वाध्याय सोपे वाटले. ‘मी आत्ता केजला चाललोय’ याला ‘या येदू’, आणि ‘मी रोज केजला जातो’ याला ‘या येझ्झू’. ‘रोज’ दिसलं की दुसरं रूप, एवढी खूण मनात पक्की केली. मग वाक्य आलं: ‘मी रोज शाळेत पायी जातो आणि परत एसटीने येतो.’ इथे ‘रोज’ असूनही उत्तरात ‘इदू’ आणि ‘येदू’! कारण जाण्याचा आणि परतीचा टप्पा वेगवेगळा सांगितला आहे, आणि प्रत्येक टप्पा एकाच दिशेचा आहे.

भूतकाळाने गोंधळ आणखी वाढवला. ‘मी काल अंबाजोगाईला गेलो होतो’ हा एकदाच झालेला प्रवास, तरी उत्तर ‘येझ्दिल’. बराच विचार केल्यावर उलगडलं. माणूस जाऊन परत आला, म्हणजे दोन्ही दिशा झाल्या. आपण ‘जाऊन आलो’ म्हणतो, तेच हे. ‘अंबाजोगाईला जात होतो, तेवढ्यात पाऊस आला’ म्हटलं, तर माणूस अजून वाटेतच आहे. तिथे ‘येखल’ हवं.

पुढे उपसर्ग आले. ‘प्रि’ लावलं की येऊन पोचणं, ‘उ’ लावलं की निघून जाणं, ‘वि’ लावलं की बाहेर पडणं, ‘द’ लावलं की ठिकाणापर्यंत पोचणं. उपसर्ग लागताच एका दिशेचं आणि ये-जा करण्याचं हा भेद मात्र उरत नाही. ‘येखत’पासून झालेलं रूप पुरं झालेली क्रिया सांगतं. ‘येझ्दीत’ आपला आकार बदलून ‘येझ्झात’ होतं आणि चालू असलेली किंवा पुन्हा पुन्हा घडणारी क्रिया सांगतं.

तरीही जाऊन येण्याचा अर्थ इथे पुन्हा डोकावतो. ‘मामा प्रियेखल’ म्हणजे मामा आले आहेत, घरातच आहेत. ‘मामा प्रियेझ्झाल’ म्हणजे मामा येऊन गेले. हे वाक्य ऐकून मामांना भेटायला निघालात, तर ते भेटणार नाहीत.

म्हणून हे स्वाध्याय सोडवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ‘रोज’, ‘काल’, ‘आत्ता’ या शब्दांवर विसंबू नका. रिकामी जागा भरण्याआधी तो माणूस वाटेत आहे, पोचला आहे की परतला आहे, हे ठरवा. रूप त्यावरून निवडा.