प्रत्येकाला एक, की सगळ्यांना एकच?

सदाशिव पेठेतले देव टोपणनावांनी ओळखले जातात, हे पुण्याबाहेरच्या वाचकांनीही ऐकलेले असते. मारुती भिकारदास, विठोबा उपाशी, मुरलीधर खुन्या आणि गणपती चिमण्या. आता या चौघांविषयी दोन वाक्ये करून पाहू. ‘या चार देवांपैकी प्रत्येकाला एक टोपणनाव आहे.’ हे खरे आहे. ‘असे एक टोपणनाव आहे, जे या चारही देवांना आहे.’ हे उघडच खोटे आहे. दोन्ही वाक्यांत देव तेच, टोपणनावे तीच आणि ‘एक’ हा शब्दही तोच. फरक आहे तो कोण कोणाच्या आधी आले एवढाच. देव डोळ्यांसमोर असतात म्हणून इथे कोणाचा घोटाळा होत नाही. तीच दोन वाक्ये ‘विद्यार्थी’ आणि ‘विषय’ असे मोघम शब्द घेऊन लिहिली, की भले भले अडखळतात.

तर्कशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी मराठी शिकवते. पण काही वर्षांपूर्वी तत्त्वज्ञान शिकवणारे एक सहकारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आले आणि त्या संध्याकाळपासून हे प्रकरण माझ्याही मागे लागले. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीत काढलेली होती आणि तिचा मराठी अनुवाद खाली छापला होता. विधेय तर्कशास्त्राच्या प्रश्नात नेहमीचेच वाक्य होते, चिन्हांत मांडण्यासाठी. मराठी माध्यमातल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी एकच उत्तर लिहिले होते आणि आदर्श उत्तराशी ते जुळत नव्हते.

“मॅडम, मुले वाक्य नीट वाचतच नाहीत,” सर म्हणाले. “संख्यापकांचा क्रम सरसकट उलटा.”

मी मराठी वाक्य वाचले. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला कोणता तरी विषय आवडतो.’ मग इंग्रजी वाक्य वाचले. तिथे ‘विषय’ आरंभी होता आणि क्रियापद कर्मणी होते. म्हणजे कोणता तरी एक विषय प्रत्येक विद्यार्थ्याच्या आवडीचा आहे, असा त्याचा रोख होता. “सर, मुलांनी नीटच वाचले आहे,” मी म्हटले. “त्यांनी मराठी वाचले आहे.”

मुलांनी काय लिहिले होते आणि आदर्श उत्तर काय होते, ते शेजारी शेजारी ठेवते. V(x) म्हणजे x विद्यार्थी आहे, S(y) म्हणजे y हा विषय आहे, आणि A(x, y) म्हणजे x ला y आवडतो.

```
१)  ∀x (V(x) → ∃y (S(y) ∧ A(x, y)))
२)  ∃y (S(y) ∧ ∀x (V(x) → A(x, y)))
```

उलटे A हा सार्विक संख्यापक, ‘प्रत्येक’ म्हणणारा. उलटे E हा अस्तित्ववाचक, ‘निदान एक तरी आहे’ म्हणणारा. पहिल्या सूत्रात विषय शोधायला निघण्यापूर्वी विद्यार्थी ठरलेला असतो. त्यामुळे विद्यार्थी बदलला की विषय बदलायला मोकळीक राहते. दुसऱ्या सूत्रात विषय आधी ठरतो आणि मग प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच एका विषयापुढे उभे राहावे लागते. हा खेळ आहे असे समजा. पहिल्यात तुम्ही मला एखादा विद्यार्थी दाखवता आणि मी त्याच्यासाठी विषय काढून देते. दुसऱ्यात विषय मला आधी जाहीर करावा लागतो आणि नंतर तुम्ही वर्गातला कोणताही विद्यार्थी माझ्यापुढे आणू शकता. दुसरा खेळ माझ्यासाठी अवघड आहे, आणि तो जिंकता आला तर पहिला आपोआप जिंकता येतो. उलट मात्र होत नाही.

हे पडताळून पाहण्याची सोपी रीत म्हणजे हजेरीपटासारखा तक्ता. तीन विद्यार्थी आडव्या ओळींत, तीन विषय उभ्या रकान्यांत, आणि जिथे आवड आहे तिथे खूण. प्रत्येक ओळीत निदान एक खूण असली की पहिले वाक्य खरे. एखादा रकाना वरपासून खालपर्यंत खुणांनी भरला असला की दुसरे खरे. पहिल्याला फक्त इतिहास, दुसरीला फक्त मराठी, तिसऱ्याला फक्त अर्थशास्त्र आवडते अशा तिरप्या खुणा केल्या, तर पहिले खरे आणि दुसरे खोटे, हे दिसतेच. असे एकूण ५१२ तक्ते संभवतात. त्यांपैकी ३४३ तक्त्यांत पहिले वाक्य खरे ठरते आणि १६९ तक्त्यांत दुसरे. हे १६९ त्या ३४३ मध्येच सामावलेले आहेत. उरलेल्या १७४ तक्त्यांत दोन वाक्ये एकमेकांची साथ सोडतात. फरक बारीक आहे म्हणून सोडून द्यावा, असे म्हणायला इतकी संख्या जागा ठेवत नाही.

सूत्रांतल्या बाणाकडे आणि ‘आणि’च्या चिन्हाकडेही एकदा पाहायला हवे, कारण काही उत्तरपत्रिकांत क्रम बरोबर असून घोटाळा तिथे होता. ‘प्रत्येक’बरोबर बाण येतो, ‘एक तरी’बरोबर ‘आणि’ येते. पहिल्या सूत्रात बाणाच्या जागी ‘आणि’ घातले, तर जगातली प्रत्येक वस्तू विद्यार्थी आहे असे विधान होते. वर्गातला फळा आणि भिकारदास मारुतीही त्यात आले. दुसरीकडे ‘एक तरी’बरोबर बाण घातला तर वाक्य फुकटात खरे होते. ‘अशी एक वस्तू आहे की ती विषय असेल तर आवडते’ हे सिद्ध करायला फळ्याकडे बोट दाखवले तरी पुरते, कारण फळा विषयच नाही. याच बाणाची आणखी एक गंमत आहे. वर्गात एकही विद्यार्थी नसेल तर ‘प्रत्येक विद्यार्थ्याला कोणता तरी विषय आवडतो’ हे खरेच ठरते. शनिवारच्या शेवटच्या तासाला मला याचा थोडा दिलासा वाटतो. असो.

सरांच्या प्रश्नपत्रिकेतला दोष कुठून आला, हे मला त्या संध्याकाळी अधिक महत्त्वाचे वाटले. अनुवादकाने निष्काळजीपणा केला होता असे मला वाटत नाही. उलट त्याचा कान चांगला होता. इंग्रजीतले कर्मणी वाक्य जसेच्या तसे आणायचे तर ‘विद्यार्थ्याकडून विषय आवडला जातो’ असे काहीतरी लिहावे लागते, आणि ते कोणताही मराठी माणूस बोलणार नाही. म्हणून त्याने सरळ कर्तरी वाक्य केले आणि मराठीच्या सवयीप्रमाणे माणूस आधी ठेवला. विद्यार्थी पुढे आला, विषय मागे गेला, आणि संख्यापकांनी आपल्या जागा बदलल्या.

खरे तर ‘आवडणे’ या क्रियापदाला कर्मणी प्रयोगाची गरजच नाही. आवड ज्याला असते तो इथे ‘ला’ प्रत्यय घेऊन बसतो, आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते: विषय आवडतो, कविता आवडते, नाटक आवडते. त्यामुळे वस्तू वाक्याच्या आरंभी आणायला क्रियापदाला हात लावावा लागत नाही. शब्द नुसता उचलून पुढे ठेवला की झाले. ‘कोणता तरी एक विषय प्रत्येक विद्यार्थ्याला आवडतो.’ सरांना हवे होते ते हे वाक्य. आणखी निःसंदिग्ध हवे असेल तर ‘असा एक विषय आहे, जो प्रत्येक विद्यार्थ्याला आवडतो.’ मराठीत पदांचा क्रम मोकळा आहे, तो कसाही बदलला तरी अर्थ बदलत नाही, असे आपण शिकवतो. कोणी कोणाला मारले एवढ्यापुरते ते खरे असेल. ‘प्रत्येक’ आणि ‘एक’ शेजारी आले की ते खरे राहत नाही, आणि हे आपल्या व्याकरणाच्या तासाला सांगितले गेले पाहिजे असे माझे मत आहे.

क्रमाखेरीज मराठीपाशी आणखीही साधने आहेत. ‘कोणता ना कोणता’ म्हटले, की विषय माणसागणिक बदलू शकतो हे ऐकताक्षणीच कळते. ‘आपापला’ तर त्याहून पुढे जातो. ‘प्रत्येकाला आपापला विषय आवडतो’ यात विषय वेगवेगळे असल्याची सूचना आहे, आणि ती पहिल्या सूत्रात नाही. सगळ्यांनी मिळून मराठीवरच खूण केली तरी ते सूत्र खरे राहते. त्याचप्रमाणे सूत्रातला ‘एक’ म्हणजे ‘निदान एक’. दोन विषय आवडणारी मुलगी त्याला चालते. या दोन बाबतींत बोली सूत्रापेक्षा अधिक बोलते, आणि ते अधिकचे हवे असेल तर सूत्रात वेगळे लिहावे लागते.

शंका राहिलीच तर मी मुलांना वाक्य पुढे चालवायला सांगते. ‘प्रत्येक विद्यार्थ्याला एक विषय आवडतो’ यानंतर ‘कुणाला इतिहास, कुणाला मराठी’ असे सहज जोडता आले तर पहिले सूत्र. ‘आणि तो म्हणजे इतिहास’ असे जोडावेसे वाटले तर दुसरे. ही कसोटीही डोळे मिटून वापरू नये. ‘प्रत्येक मुलाचा एका बाईवर जीव असतो, आणि ती म्हणजे त्याची आई’ यात ‘ती म्हणजे’ आहे, तरी बाई सगळ्यांची एकच नाही. आई मुलागणिक बदलते. तिथे सूत्र पहिल्याच धाटणीचे.

सरांनी पहिले सूत्र लिहिणाऱ्या सगळ्यांना गुण दिले. पण त्याच पत्रिकेत पुढचा प्रश्न होता: याच वाक्याचा निषेध लिहा. तिथे मात्र आमची भाषा मुलांच्या मदतीला आली नाही. बहुतेकांनी मराठी वाक्याच्या शेवटी ‘नाही’ जोडले होते: ‘प्रत्येक विद्यार्थ्याला कोणता ना कोणता विषय आवडत नाही.’ हा निषेध नव्हे. प्रत्येकाचा एखादा तरी नावडता विषय आहे एवढेच तो सांगतो, आणि ते मूळ वाक्याच्या जोडीने सुखाने खरे असू शकते. निषेध करायचा तर नकार बाहेरून आत न्यावा लागतो. ‘प्रत्येक’ ओलांडताना त्याचा ‘एक तरी’ होतो, ‘एक तरी’ ओलांडताना त्याचा ‘प्रत्येक’ होतो, आणि नकार शेवटी आवडीपाशी येऊन थांबतो.

```
∃x (V(x) ∧ ∀y (S(y) → ¬A(x, y)))
```

असा निदान एक विद्यार्थी आहे, ज्याला कोणताही विषय आवडत नाही. मराठीत नकाराची जागा क्रियापदाजवळ, वाक्याच्या अगदी टोकाला असते. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ यातून कोणीच आले नाही की काही आले नाहीत, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ठरवावे लागते. कागदावर ते ठरत नाही. तिथे ‘एकही विद्यार्थी आला नाही’ किंवा ‘काही विद्यार्थी आले नाहीत’ असे वाक्यच बदलून घ्यावे लागते, आणि मगच चिन्हांकडे वळता येते.